"तुरुंगात निम्मे परप्रांतीय" हा आकडा खरा धरला तरी त्याचा अर्थ काय?

ऋजुता_गोरेगाव · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची गोरेगाव पूर्वेला ४२ बिऱ्हाडांची जुनी सोसायटी आहे. गेल्या महिन्यात गच्चीवरचे चार पितळी नळ आणि तळमजल्यावरचा पाण्याचा मीटर चोरीला गेला. तक्रार दिली, चोर अजून सापडलेला नाही.

पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर ठराव आलाय की परराज्यातून आलेला वॉचमन, कामवाल्या, दूधवाला, इस्त्रीवाला यांना दोन महिन्यांत बदलायचं आणि पुढे फक्त "इथलीच माणसं" ठेवायची. कारण म्हणून एक फॉरवर्ड जोडलाय: "मुंबईच्या तुरुंगांत निम्मे कैदी परप्रांतीय आहेत." खाली कुठला अहवाल, कुठलं वर्ष, काही नाही.

आमचा इस्त्रीवाला एकोणीस वर्षं जिन्याखाली बसतो. माझ्या मुलीला शाळेच्या बसमधून उतरवून घेणाराही तोच. मला ठराव मनापासून चुकीचा वाटतो, पण सभेत "मला वाटतं" म्हणून भागणार नाही. म्हणून विचारते: असा आकडा खरा असू शकतो का? आणि खरा असला तर त्यावरून बाहेरून आलेली माणसं जास्त गुन्हे करतात असं म्हणता येतं का?

विनायक_मालवणकर · शनिवार, रात्री १०:१५

ऋजुताताई, तुमच्या इस्त्रीवाल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, एक माणूस चांगला असू शकतो. पण मुंबईत गेली चाळीस वर्षं राहतोय, डोळ्यांनी बघतोय. दादरच्या पुलावर माझा मोबाईल हिसकावला, पकडलेली दोन्ही पोरं बाहेरची निघाली. २०२१ मध्ये साकीनाक्याला एका बाईवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर खुद्द मुख्यमंत्र्यांनी परराज्यातून येणाऱ्यांची नोंद ठेवा असं पोलिसांना सांगितलं होतं. काही कारण असल्याशिवाय कोणी असं सांगेल का?

ज्याचं इथे घर नाही, नातेवाईक नाहीत, त्याला कोणाची भीती? गुन्हा केला की गाडीत बसून पसार. इथल्या पोराला निदान आईबापाची, गल्लीची लाज असते.

प्रसाद_ठाणे · शनिवार, रात्री १०:३२

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असेल तर आता ऑनलाइन भरता येते. करारनामा, आधार आणि दोघांचे फोटो तयार ठेवा. आमच्या इमारतीत एका मालकाने दिली नव्हती, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. वॉचमन एजन्सीकडून असेल तर पडताळणी एजन्सीकडूनच मागा.

ऋजुता_गोरेगाव · शनिवार, रात्री १०:४१

प्रसाद, धन्यवाद, पण पडताळणीला माझा विरोधच नाही. ती सगळ्यांची व्हावी. माझा प्रश्न त्या आकड्याचा आहे.

ॲड_मीनल · रविवार, सकाळी ७:५०

ऋजुता, मी बारा वर्षं फौजदारी वकिली करते आणि त्यातली बरीच वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरून तुरुंगातल्या ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे जामीन बघते. तुमच्या फॉरवर्डमधला आकडा कुठून आला ते मी सांगू शकत नाही, कारण त्याला बूडच दिलेलं नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे आणि त्याचं उत्तर मी रोज बघते.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे या विषयावर कामाचे दोन वार्षिक अहवाल आहेत. एक गुन्ह्यांचा, दुसरा तुरुंगांचा. गुन्ह्यांच्या अहवालात अटक झालेल्यांचं वय, स्त्री की पुरुष, हे मिळतं. ते कुठल्या राज्यातून आले याची फोड त्यात नसते. ती फोड असते तुरुंगांच्या अहवालात: याच राज्याचे, दुसऱ्या राज्याचे, परदेशी. म्हणून स्थलांतर आणि गुन्हा यावर बोलणारा माणूस फिरून फिरून तुरुंगाच्याच आकड्याकडे येतो.

आता तो आकडा कसला आहे ते बघा. ३१ डिसेंबरला तुरुंगात किती माणसं होती, त्याची ती मोजणी. वर्षभरात किती जणांना अटक झाली याची नव्हे. आणि आत कोण असतं? २०२२ च्या अहवालात देशभरात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे की ज्यांच्यावर गुन्हा शाबित झालेलाच नाही. ते आत आहेत कारण त्यांना जामीन मिळालेला नाही, किंवा मिळालाय पण भरता आलेला नाही.

इथेच सगळी गोम आहे. एक सोपा हिशोब मांडते, आकडे मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा दर महिन्याला १०० जणांना अटक होते, त्यातले ८० इथले आणि २० बाहेरचे. इथल्याचा भाऊ, मामा धावपळ करतो, जामीनदार उभा राहतो, तो सरासरी २ महिन्यांत बाहेर येतो. बाहेरच्याला जामीनदार मिळत नाही, त्याला ८ महिने लागतात. वर्ष संपताना तुरुंगात जाऊन मोजलं तर काय दिसेल? इथले ८० गुणिले २, म्हणजे १६०. बाहेरचे २० गुणिले ८, म्हणजे तेही १६०. अटकेत पाचात एक असलेला माणूस तुरुंगात दोनात एक झाला. एकही जास्तीचा गुन्हा न करता.

विनायक_मालवणकर · रविवार, सकाळी ८:२०

मीनलताई, हिशोब पटण्यासारखा आहे, पण तुम्ही ८ महिने मनाने घेतलेत. उद्या मी म्हणेन, बाहेरचे जास्त गंभीर गुन्हे करतात म्हणून कोर्ट त्यांना जास्त दिवस आत ठेवतं. मग?

ॲड_मीनल · रविवार, सकाळी ९:०५

विनायकदादा, शंका अगदी बरोबर आहे आणि नुसत्या तुरुंगाच्या आकड्यावरून तिचं निरसन होत नाही. म्हणून असे लोक शोधायचे ज्यांच्या बाबतीत कोर्टाने स्वतःच ठरवलंय की या माणसाला बाहेर सोडायला हरकत नाही, तरी तो आत आहे. जामीन मंजूर, पण सुटका नाही. २०२३ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयासमोर विधी सेवा प्राधिकरणाने माहिती दिली तेव्हा असे सुमारे ५,००० जण देशभरात सापडले होते. यांच्या बाबतीत गुन्ह्याच्या गांभीर्याचा प्रश्न उरत नाही, तो विचार करूनच जामीन दिलेला असतो.

हे कसं होतं ते एका अशिलावरून सांगते. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. बिहारमधला एकवीस वर्षांचा मुलगा, प्लॅस्टिकच्या गाळ्यात मोल्डिंगच्या मशीनवर. गाळ्यातून तांब्याची वायर गेली, तिघांना उचललं. त्यातला एक धारावीतच वाढलेला. तिघांवर कलमं तीच, आरोप तोच, आणि जामीनही एकाच दिवशी मंजूर झाला, प्रत्येकी १५ हजारांच्या जामिनावर, एक जामीनदार.

धारावीच्या मुलाच्या आत्याचा नवरा कायम नोकरीत. पगाराची पावती, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा घेऊन आला, पाचव्या दिवशी मुलगा घरी.

बिहारच्या मुलाचा बाप गावी शेतमजूर. तिकडून चुलता आला, गावच्या जमिनीचा कागद घेऊन. पण जमीन दुसऱ्या राज्यातली, तिची खातरजमा इथून कोण करणार? कागद चालला नाही. गाळ्याचा मालक उभा राहीना, फिर्यादी तोच. गाळ्यातले सोबती जामीनदार व्हायला तयार होते, पण एकाकडेही इथलं रेशनकार्ड नाही, पगार हातावर, पावती नाही. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे असतात, चुलता त्यांच्याकडे जाता जाता वाचला, नाहीतर खोट्या कागदांचा दुसरा गुन्हा अंगावर आला असता. शेवटी आम्ही अर्ज केला की जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या. तो मंजूर झाला, मग रक्कम कमी करायचा अर्ज. पैसे गोळा होईपर्यंत जामिनाच्या हुकमानंतर सात महिने गेले होते.

मध्ये ३१ डिसेंबर येऊन गेला. अहवालात "दुसऱ्या राज्याचा कैदी" म्हणून तो एक आकडा आहे. धारावीचा मुलगा कुठल्याच रकान्यात नाही. पुढे खटल्यात तिघेही सुटले.

दत्ता_निवृत्तपोलीस · रविवार, दुपारी १२:३०

मी एकतीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. मॅडम जामिनाचं सांगतात ते खरं आहे. पण पोलिसांनी उगाच माणसं उचलली असा अर्थ कोणी काढू नये. साखळीचोरीच्या, घरफोडीच्या टोळ्या बाहेरून येतात, काम करून परत जातात, हे मी स्वतः तपासात बघितलंय. चार राज्यांत जाऊन आरोपी आणलेत.

एक मात्र मान्य करतो. त्या टोळ्या म्हणजे इथे राहून काम करणारा मजूर नव्हे. ते इथे स्थलांतर करून आलेलेच नसतात, लॉजवर आठ दिवस उतरतात. कागदावर मात्र दोघेही एकाच रकान्यात जातात.

दुसरं, रात्रीच्या कोम्बिंगला किंवा ऑल आऊटला निघालो की आम्हाला कोण भेटतं? फुटपाथवर झोपलेला, स्टेशनबाहेर बसलेला, हातगाडीवर आडवा झालेला. फ्लॅटमध्ये झोपलेला माणूस रात्री दोन वाजता आम्हाला भेटत नाही. सूर्यास्तानंतर संशयास्पद फिरताना आढळला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ आहे, प्रतिबंधक म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०९ होतं, आता ते तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये १२८ झालं. या कलमांत ज्याला डोक्यावर छप्पर नाही तोच जास्त सापडणार. कारवाई दाखवायची असते, ती कुठेतरी दिसते. हे मी आज निवृत्त आहे म्हणून लिहितोय.

राजेश_यादव_डोंबिवली · रविवार, दुपारी २:१०

दत्ताकाका, तुम्ही रकान्याचं काढलंत म्हणून लिहितो.

माझा जन्म परळचा, केईएममध्ये. शाळा मराठी माध्यमाची. आजोबा जौनपूरहून १९५० च्या दशकात गिरणीत आले. वडिलांचाही जन्म इथला. मी स्वतः जौनपूरला आयुष्यात चार वेळा गेलोय, चारही वेळा लग्नाला.

आठ वर्षांपूर्वी आमच्या चाळीत दोन गटांत मारामारी झाली, मी सोडवायला गेलो आणि माझंही नाव आलं. पुढे तडजोड झाली, प्रकरण मिटलं. पण पेपरात बातमी आली त्यात माझ्या नावापुढे छापलं होतं: "सध्या रा. डोंबिवली, मूळ रा. जौनपूर, उत्तर प्रदेश." माझ्याशेजारी ज्याचं नाव होतं तो सावंत. त्याच्या आजोबांचं गाव कणकवली. त्याच्या नावापुढे नुसतं "रा. डोंबिवली".

ठाण्यात मला विचारलं "गाव कुठलं?" मी सवयीने जौनपूर म्हणालो. आपल्याकडे कोणालाही गाव विचारलं तर तो आजोबांचंच गाव सांगतो. सावंतनेही कणकवलीच सांगितलं असेल. माझं गाव परराज्य झालं, त्याचं झालं नाही. खूप लागलं होतं ते मनाला. आईने तो पेपर अजून ठेवलाय.

ॲड_मीनल · रविवार, दुपारी ३:००

राजेश, तुमचं हे वाचून वाईट वाटलं. आणि ऋजुता, सभेत सांगायला याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

दर काढायचा म्हणजे वर एक आकडा, खाली एक आकडा. वर बाहेरून आलेले आरोपी, खाली शहरातले बाहेरून आलेले एकूण लोक. दोन्हीकडे "बाहेरचा" याचा अर्थ एकच हवा. जनगणना विचारते की जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता. त्या हिशोबाने राजेश परराज्यातून आलेले नाहीत, त्यांचा जन्म मुंबईचा. पोलीस ठाण्यातल्या "मूळ राहणार" मध्ये ते उत्तर प्रदेशचे. म्हणजे ते वर मोजले गेले आणि खाली नाही. अशी हजारो माणसं वर चढवा आणि खालून काढा, दर आपोआप फुगतो.

आणि उलटंही आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबईतल्या स्थलांतरितांमध्ये सगळ्यात मोठा गट महाराष्ट्रातल्याच इतर जिल्ह्यांतून आलेल्यांचा होता. बोलताना त्यांना कोणी स्थलांतरित म्हणत नाही.

गिरणगावकर · रविवार, संध्याकाळी ५:४५

वरच्या दोन्ही पोस्ट वाचल्या. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर १०० जणांतले ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यात रत्नागिरी, सातारा, पुणे इकडची माणसं केवढी होती. माझे पणजोबा राजापूरचे, खोलीत चौदा जण पाळीपाळीने झोपायचे. बायका गावी, पुरुष इथे. त्या काळच्या साहेबांच्या नजरेत गिरणीतला हा तरुण, एकटा, खोलीत कोंबलेला पुरुष म्हणजे दंगा करणारा, दादागिरी करणारा. आज आपण लिट्टी खाणाऱ्या पोराबद्दल तेच बोलतो.

विनायक_मालवणकर · रविवार, संध्याकाळी ६:२०

गिरणगावकर, माझे आजोबाही खानावळीत जेवणारेच होते, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पोचलं. पण त्या साहेबाचं काही प्रमाणात खरंही असेल ना? एकटे तरुण पुरुष जिथे जास्त, तिथे भानगडी जास्त. हे नाकारू नका.

अनुजा_के · रविवार, रात्री ८:१०

विनायककाका, नाकारत नाही, उलट तेच महत्त्वाचं आहे. मी लोकसंख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

जगात कुठेही गुन्ह्यांत तरुण पुरुष जास्त असतात. आपल्या तुरुंगांत २०२२ ला शंभरात जेमतेम चार स्त्रिया होत्या. आता गाळ्यातले बारा जण घ्या, सगळे वीस ते तिशीतले पुरुष. आणि ऋजुताताईंची इमारत घ्या, त्यात आज्या, शाळेतली मुलं, निवृत्त काका. या दोघांची तुलना केली तर गाळा कायमच वाईट दिसणार, मग तो मराठी पोरांचा असो की बिहारी. तुलना करायचीच तर वीस ते तिशीतल्या इथल्या पुरुषांशी करायला हवी. ती केली की बराचसा फरक जातो. म्हणजे भानगड वयाची असते आणि आपण ती प्रांताच्या नावावर लिहितो.

अशी नीट तुलना आपल्याकडे करता येत नाही, कारण तशी माहितीच छापली जात नाही. जिथे करता येते तिथलं सांगते. अमेरिकेत टेक्सास राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे केंद्राच्या स्थलांतर खात्याकडे तपासले जातात. त्यामुळे अटक झालेला माणूस तिथेच जन्मलेला, कायदेशीर आलेला की कागदपत्रांशिवाय राहणारा, हे कळतं. २०१२ ते २०१८ ची ही माहिती घेऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कागदपत्रं नसलेल्यांच्या तुलनेत तिथेच जन्मलेल्यांचं अटकेचं प्रमाण हिंसक गुन्ह्यांत दुपटीहून जास्त आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांत चौपटीहून जास्त निघालं. अमेरिकेच्याच १८७० पासूनच्या जनगणनांवर दुसरं मोठं काम झालंय. त्या दीडशे वर्षांत स्थलांतरितांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण तिथे जन्मलेल्यांपेक्षा कधीच जास्त नव्हतं.

विनायक_मालवणकर · रविवार, रात्री ८:३५

अमेरिकेत पकडलं तर देशाबाहेर काढतात, म्हणून ते घाबरून राहतात. इथे बिहारहून आलेल्याला कोण काढणार? तो आपल्याच देशाचा नागरिक. तिथलं इथे कसं लागू होईल? आणि युरोपात उलटं आहे असं मी वाचलंय, स्वीडन, जर्मनी.

अनुजा_के · रविवार, रात्री ९:३०

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. टेक्सासचा आकडा उचलून मुंबईला चिकटवता येणार नाही. आणि स्वीडन, जर्मनीत परदेशी पार्श्वभूमीच्या काही गटांचं प्रमाण संशयितांत त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतं, हे खरं आहे. वय, पुरुषांचं प्रमाण, ते कुठल्या वस्तीत राहतात, हे धरलं की फरक कमी होतो, पण सगळाच पुसला जातो असं नाही. कोण आलं, कशासाठी आलं, आल्यावर काम करता येतं का, यावर बरंच अवलंबून असतं.

या शेवटच्या मुद्द्यावर इटलीचा एक अभ्यास मला फार आवडतो. तिथे २००७ च्या डिसेंबरात राहण्या-काम करण्याच्या परवान्यांचे अर्ज ऑनलाइन घेतले, आधी येईल त्याला आधी. ठरलेली संख्या काही वेळातच संपली. त्यामुळे मर्यादा संपायच्या जरा आधी अर्ज पोचलेले आणि जरा उशीर झालेले, अशी दोन सारखीच माणसं तयार झाली. गावं तीच, वय तेच, फरक फक्त काही मिनिटांचा. पुढच्या वर्षात ज्यांना परवाना मिळाला त्यांच्यातलं गुन्ह्यांचं प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आलं. माणसं बदलली नव्हती, कागद बदलला होता.

दत्ता_निवृत्तपोलीस · रविवार, रात्री १०:००

अनुजा, हे वाचून एक आठवलं. गाळ्यातला पगार बुडवला म्हणून पोरं ठाण्यात यायची. लेखी काही नाही, हजेरीपत्रक नाही. आम्ही सांगायचो हे कामगार खात्याकडे जा. तीच पोरं पुढे मालकाच्या दारात भांडण केलं म्हणून आरोपी होऊन यायची. पहिल्या खेपेला त्यांची नोंद कुठेच झालेली नसायची.

ॲड_मीनल · सोमवार, सकाळी ७:३०

दत्ताकाका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या अशिलांतही असे बरेच असतात.

जामिनाबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवते, कारण विनायकदादांना वाटेल की नियमच तसा असेल. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, मध्य प्रदेशातलं. दंडाधिकाऱ्यांनी १० हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. आपल्याच देशात दूरच्या प्रांतात पकडला गेलेल्याने त्याच जिल्ह्यातला जामीनदार आणायचा कुठून, असा त्यांचा सवाल होता. २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की सुटका लांबण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह आहे, तशी अट घालू नये. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, हेही तेव्हाच ठरलं. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट परत सांगावी लागली.

ऋजुता_गोरेगाव · सोमवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सेक्रेटरींशी बोलले. मीनलताईंचा १६०-१६० चा हिशोब एका कागदावर मांडून दाखवला. ते बँकेत होते, त्यांना लगेच कळला. म्हणाले, खात्यातली शिल्लक आणि महिन्याची उलाढाल यात गल्लत केल्यासारखं आहे हे. रविवारी मला दहा मिनिटं देणार आहेत. ठराव मागे घ्यायला मात्र ते तयार नाहीत, मतदान होईल म्हणाले.

राजेश, तुमची हकिकत नाव न घेता सांगितली तर चालेल का?

विनायक_मालवणकर · सोमवार, रात्री ११:१५

ऋजुताताई, मी तुमच्या सभेत असतो तर माणसं बदलायच्या ठरावाला हात वर केला नसता, हे सांगतो. तुरुंगाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, हे मानलं. पण बाहेरचे कमी गुन्हे करतात हेही मुंबईसाठी कोणी दाखवलेलं नाही. अनुजाने स्वतःच सांगितलं की माहिती छापली जात नाही. तोवर बाहेरून आलेल्या कामवाल्यांचं रजिस्टर ठेवा, मीही ठेवीन.

अनुजा_के · सोमवार, रात्री ११:४०

काका, मान्य. फक्त रजिस्टर ठेवायचं तर सगळ्यांचं ठेवा. फक्त बाहेरच्यांची नावं असतील तर पुढच्या चोरीला पोलीस कोणाला बोलावणार? ज्याचं नाव यादीत आहे त्यालाच. चौकशीला जाणारे सगळे बाहेरचे असणार आणि दोन वर्षांनी तुमच्याच इमारतीचा एक नवा आकडा तयार होईल.

राजेश_यादव_डोंबिवली · मंगळवार, सकाळी ६:५५

ऋजुताताई, नावासकट सांगा, हरकत नाही.

मीनलताई, एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला जामीन होऊन तीन आठवडे झाले, जामीनदार नाही म्हणून आतच आहे. माझ्याकडे रेशनकार्ड आहे, पगाराची पावती आहे. नात्यातला नसलो तरी मी उभा राहू शकतो का?

ॲड_मीनल · मंगळवार, सकाळी ७:२०

राहू शकता, नातं लागत नाही. पण आधी नीट समजून घ्या: तो तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना ओळखत असाल तरच पुढे व्हा. रेशनकार्ड, आधार, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, दोन फोटो, सगळ्यांच्या मूळ प्रती सोबत. खटला ज्या कोर्टात आहे तिथल्या विधी सेवेच्या खोलीत साडेदहाला या आणि जामिनाच्या हुकमाची प्रत किंवा निदान केस नंबर आणा. तीन आठवडे उलटलेत म्हणजे अट शिथिल करण्याचा अर्जही सोबतच तयार ठेवू. कुठलं कोर्ट ते मला निरोपातून कळवा.